साडीच्या दुकानाची साइट, इंदूर: नवी बांधायची की आहे तीच सुधारत न्यायची (प्रकल्प नोंदी)

5 मे 2025

दुकान शीतलामाता बाजाराच्या एका आतल्या गल्लीत, घर लोकमान्य नगरात. महेश्वरी साड्यांचा धंदा. गिऱ्हाईक आणि विणकर काका सांभाळतात, ऑनलाइनचं सगळं वहिनींकडे. साइट 2016 ची आहे, वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर, विकत घेतलेल्या थीममध्ये. थीम ज्यांनी बनवली त्यांनी ती केव्हाच सोडून दिली आहे.

काकांचं म्हणणं सरळ: "साइट उघडली की दुकान बंद पडल्यासारखं वाटतं रे. नवीच करून टाक." वर्षाचं बजेट 90 हजार, त्यातच होस्टिंग. त्यांच्याकडे दोन कोटेशन आलेली होती. 2 लाख 60 हजारांचं त्यांनी स्वतःच बाजूला सारलंय. दुसरं 85 हजारांचं आहे: तयार थीम, नवा लोगो, नवं मुखपृष्ठ, दोन महिन्यांत हातात.

मला महागड्याची चिंता नाही, ते होणारच नव्हतं. धोक्याचं आहे ते 85 हजारांचं, कारण ते बजेटमध्ये नेमकं बसतं. साइट सुरू झाल्यावर पाच हजार उरतात आणि होस्टिंगच त्याहून जास्त आहे. म्हणजे नव्या साइटवर पहिल्या आठवड्यात जे काही अडेल, ते पुढच्या एप्रिलपर्यंत तसंच अडलेलं राहणार.

आकडे बघितल्याशिवाय हो-नाही सांगणार नाही, एवढं बोलून निघालो. वहिनींनी अ‍ॅनालिटिक्स आणि सर्च कन्सोल दोन्हींचा प्रवेश तिथेच दिला, ही मोठीच सोय झाली.

8 मे

एप्रिलचे आकडे. साइटवर 6,200 भेटी, बहुतेक सगळ्या फोनवरून. साडीचं पान उघडलं 3,900 वेळा. पिशवीत टाकली 310 वेळा. चेकआउट सुरू झालं 190 वेळा. ऑर्डर 58.

पैसे देण्याच्या दारापर्यंत आलेल्या 190 पैकी 132 जण तिथून परत गेले. साडी आवडली आहे, किंमत मान्य आहे, फॉर्म भरायला घेतला आहे, आणि मग सोडून दिलं. मुखपृष्ठ जुनाट आहे म्हणून हे लोक गेलेले नाहीत, ते मुखपृष्ठ मागे टाकून इथवर आले होते. 85 हजारांच्या कोटेशनमध्ये चेकआउटबद्दल एक ओळ आहे: "थीमचं प्रमाणित चेकआउट".

सर्च कन्सोलमध्ये एक गंमत सापडली. गूगलवरून येणाऱ्या क्लिकांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा एकाच जुन्या लेखावर उतरतो. वहिनींनी कधीतरी लिहिलेला आहे, खरी महेश्वरी कशी ओळखावी यावर: दोन्ही बाजूंनी नेसता येणारी बुगडी किनार, पदरावरचे पाच पट्टे, ताणा रेशमी आणि बाणा सुती. नव्या साइटच्या आराखड्यात हा लेख नाही. लेखांचा विभागच नाही. शिवाय प्रत्येक साडीच्या पानाचा पत्ता बदलणार आहे आणि जुने पत्ते नव्याकडे वळवण्याचा कुठे उल्लेख नाही. ते वळवले नाहीत तर गूगलसाठी ही सगळी पानं एका रात्रीत नाहीशी होतील. कोटेशनमध्ये न लिहिलेला हा खर्च दुकानालाच सोसावा लागला असता.

12 मे

दुकानात बसून वहिनींबरोबर एप्रिलमधली व्हॉट्सअ‍ॅपवरची चौकशी वाचली. नव्याने विचारणारे 214 जण. वहिनी वाचत गेल्या, मी वहीत रेघा मारत गेलो. "खरा रंग कसा आहे" 71. "सिल्क किती, कॉटन किती" 48. "ब्लाउज पीस आहे का" 31. कुरिअरचा खर्च आणि पैसे कसे द्यायचे, 29. उरलेले 35 म्हणजे "ही अजून आहे का".

पाचही प्रश्नांची उत्तरं साडीच्या पानावर असायला हवीत. रंगाचा प्रश्न मला आधी नेहमीचाच वाटला, पण वहिनींनी एकाच साडीचे दोन फोटो दाखवले. एक ट्यूबलाइटखाली काढलेला, त्यात साडी मरून. दुसरा दुपारी दाराशी काढलेला, त्यात विटकरी. दोन्ही फोटो एकाच पानावर शेजारी शेजारी. गिऱ्हाईक विचारणार नाही तर काय करेल?

तेवढ्यात खरेदीला आलेल्या एका बाईंना विनंती केली, की तुमच्या फोनवरून एक साडी मागवून बघता का, पैसे भरू नका, फक्त तिथपर्यंत जा. सहज करत गेल्या. नाव, पत्ता, मग "कंपनीचं नाव" आलं, तिथे थांबल्या, रिकामं सोडलं. मग पासवर्ड तयार करायला सांगितलं, त्यात मोठं अक्षर हवं, चिन्ह हवं. दोनदा नाकारल्यावर पत्त्याखाली पहिल्यांदाच कुरिअरचे 120 रुपये दिसले. त्यांनी फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "यापेक्षा मी व्हॉट्सअ‍ॅपवरच सांगते ना!"

काकांनी हे सगळं गादीवरून पाहिलं. लोगोबद्दल त्या दिवशी काही बोलले नाहीत.

16 मे

आता उलट बाजू. तुकड्यातुकड्याने सुधारणा तेव्हाच शक्य असते, जेव्हा खालचा पाया ते सोसू शकतो. नाहीतर सहा महिने ठिगळं लावायची आणि शेवटी नवीच बांधायची, म्हणजे दोन्हीकडचा खर्च. म्हणून साइटची एक प्रत वेगळ्या जागी उभी केली आणि तिच्यावर तीन गोष्टी तपासल्या.

पहिली, पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती. सर्व्हरवर अजून 7.4 आवृत्ती आहे, तिची सुरक्षा दुरुस्ती नोव्हेंबर 2022 मध्येच थांबली. ज्या साइटवरून पैसे घेतले जातात ती त्यावर ठेवणं बरोबर नाही. प्रतीवर 8.2 लावलं आणि पान पांढरं पडलं. सर्व्हरच्या नोंदवहीत ही ओळ:

```
PHP Fatal error:  Uncaught Error: Call to undefined function create_function()
```

85 हजारवाल्यांनी काकांना सांगितलं होतं, "तुमची थीम नव्या पीएचपीवर चालूच शकत नाही, म्हणून नवी साइट." बातमी खरी आहे, निष्कर्ष खोटा. `create_function` पीएचपी 8.0 मधून काढून टाकलं गेलं, आणि त्या काळच्या थीममध्ये ते सर्रास वापरलेलं असे. या थीममध्ये ते दोनच ठिकाणी निघालं, दोन्ही विजेट नोंदवण्यासाठी. असं बदललं:

```php
add_action('widgets_init', function () {
    register_widget('Home_Slider_Widget');
});
```

मग साइट उघडली. काही सूचना अजून येतात, पण त्या थांबवणाऱ्या नाहीत. थीममध्ये थेट हात घालणं एरवी टाळतो, कारण पुढच्या अपडेटमध्ये बदल पुसला जातो. इथे अपडेट येणारच नाही, तेव्हा गिटमध्ये प्रत ठेवली आणि पुढे गेलो.

दुसरी गोष्ट, साड्यांची माहिती कशात अडकली आहे. काही साइटवर प्रत्येक वस्तूचं वर्णन पेज बिल्डर नावाच्या, पान मांडणाऱ्या प्लगिनच्या चौकोनी कंसांत गुंडाळलेलं असतं. बिल्डर काढला की पानभर `[vc_row]` उरतं. तसं असतं तर मी नव्या बांधणीकडे झुकलो असतो. इथे फक्त मुखपृष्ठ बिल्डरमध्ये आहे, साड्यांची वर्णनं साध्या मजकुरात. सुटका.

तिसरी, चेकआउट. थीमने वूकॉमर्सच्या स्वतःच्या पानांऐवजी आपल्या प्रती घुसवल्या आहेत. `form-checkout.php` आवृत्ती 2.3.0 ची, म्हणजे फार जुनी. प्रतीवर ती फाइल काढून टाकली, तर वूकॉमर्सचं मूळचं साधं चेकआउट वर आलं. दिसायला सपाट, पण फोनवर एका रांगेत आणि नीट.

तिन्ही बाबी पाया सोसेल असंच सांगतात. यातली पहिली किंवा दुसरी फसली असती, म्हणजे थीम नव्या पीएचपीवर उठलीच नसती किंवा साडेतीनशे साड्यांचं वर्णन बिल्डरमध्ये कैद असतं, तर काकांना सांगितलं असतं की यंदा काही करू नका, पैसे साठवा आणि पुढच्या वर्षी नवी बांधा. अर्धवट पैशात अर्धवट नवी, हा पर्याय मात्र मी कुणालाच देणार नाही.

20 मे

निर्णय झाला. काका, वहिनी आणि मी, लोकमान्य नगरात घरीच बसलो, पोहे झाले.

मुखपृष्ठ आणि लोगो यंदा नाही. पैशाच्या गल्ल्यापासून सुरुवात करून मागे मागे यायचं: आधी चेकआउट, मग साडीचं पान, मग साड्यांची वर्गवारी. एका वेळी एकच बदल, आणि दोन बदलांमध्ये निदान चार आठवडे, म्हणजे कशामुळे काय झालं ते कळेल. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर दिवाळी होईपर्यंत साइटला हात नाही.

हिशेब: होस्टिंग आणि रोजचा बॅकअप 9,000, पाया 12,000, चेकआउट 14,000, साडीचं पान 18,000, फोटोंसाठी दिवे वगैरे 6,500. एकूण 59,500. उरलेले 30,500 आत्ता कशालाच बांधायचे नाहीत. यावर काका अडले. "पैसे आहेत तर काम का नको?" मी म्हटलं, काका, पहिले दोन बदल काय सांगतात ते बघून तिसरा ठरवायचाय, आज ठरवला तर तो अंदाजच. वहिनी लगेच म्हणाल्या, "दिवाळीचा माल तरी तुम्ही मेमध्येच कुठे भरता, बाबा?" विषय संपला.

पुण्याच्या भाच्याने फोनवर सुचवलं, की अर्ध्या लोकांना जुनी साइट आणि अर्ध्यांना नवी दाखवून तुलना करा. कल्पना चांगली, पण गर्दी हवी. आज दर शंभर भेटींमागे एकाहून थोडी कमी ऑर्डर येते. ते प्रमाण 1.2 टक्क्यांवर गेलं हे खात्रीने दिसायला प्रत्येक बाजूला साधारण 24 हजार भेटी लागतील. आपल्याकडे महिन्याला सहा हजार येतात. उत्तर यायला आठ महिने. लहान दुकानाला हा रस्ताच नाही.

2 जून

पीएचपी बदललं, रात्री, काही अडलं नाही. त्यानंतर चेकआउट. थीमची जुनी फाइल काढली, खातं उघडण्याची सक्ती बंद केली, "कंपनीचं नाव" आणि पत्त्याची दुसरी ओळ काढली. पिनकोड वर घेतला, त्यावरून राज्य आपोआप भरतं. पैसे देण्याच्या यादीत यूपीआय सगळ्यात वर.

कुरिअरच्या 120 रुपयांवर बराच खल झाला. मोफत करायचं असं बहुतेक जण सुचवतात, म्हणून वहिनींबरोबर हिशेब मांडला. महिन्याला 58 ऑर्डर, प्रत्येकी साधारण 600 रुपये सुटतात. मोफत केल्यावर ऑर्डर 75 झाल्या असं धरलं, तर जादाच्या 17 ऑर्डरींचे 10,200 मिळतात, पण 75 कुरिअरचे 9,000 आपण भरतो. हातात उरतात 1,200. ऑर्डर 73 च्या खाली राहिल्या तर खिशातून जातील. मग खर्च तोच ठेवला, फक्त जागा बदलली. आता साडीच्या पानावर किमतीच्या लगेच खाली लिहिलंय: "कुरिअर 120 रुपये, देशात कुठेही". माणूस 120 रुपयांवर तेवढा बिचकत नाही, जेवढा शेवटच्या क्षणी निघालेल्या 120 वर बिचकतो.

7 जुलै

जूनचे आकडे: 5,700 भेटी, पिशवीत 290, चेकआउट सुरू 178, ऑर्डर 81.

काका खूश, 58 चे 81. पण मी एकूण ऑर्डरींकडे बघून निर्णय घेत नाही. छोट्या आकड्याचा स्वभावच डुलण्याचा असतो. 58 चं वर्गमूळ साडेसात, त्याची दुप्पट पंधरा. म्हणजे काहीही न बदलता एखादा महिना 43 चा आणि एखादा 73 चा येऊ शकतो. वर एप्रिलमध्ये लग्नसराई, जूनमध्ये पाऊस, हे वेगळंच.

त्यापेक्षा ज्या पायरीला हात लावला तिचंच प्रमाण बघायचं. चेकआउट सुरू करणाऱ्या शंभरांपैकी एप्रिलमध्ये 30 ते 31 जणांनी ऑर्डर पुरी केली, जूनमध्ये 45 ते 46 जणांनी. इतक्या माणसांत निव्वळ योगायोगाने हे प्रमाण साधारण पाच टक्के-बिंदू इकडे तिकडे होतं. इथे फरक पंधराचा आहे, तिप्पट. हे मी मानतो.

आणखी एक खात्री करावी लागते. कुरिअरचा खर्च आधी सांगितल्याने जे जाणारच होते ते आता चेकआउटपर्यंत येतच नसतील, तर प्रमाण फसवं सुधारतं. म्हणून भेटींच्या मानाने चेकआउट किती जणांनी सुरू केलं तेही पाहिलं. दोन्ही महिन्यांत शंभरात तीनच्या आसपास. कोणी दारातून परत वळलेलं नाही.

18 जुलै

साडीचं पान. आधी फोटो. वहिनींनी गच्चीच्या खोलीत जागा केली: पांढरं कापड, दोन्ही बाजूंना एकाच रंगछटेचे दोन दिवे, पहिल्या फोटोत साडीशेजारी करड्या रंगाचं कार्ड. त्या कार्डावरून पांढऱ्याचा तोल एकदा ठरवला की त्या बैठकीचे सगळे फोटो एका रंगात येतात. खोलीतली ट्यूबलाइट बंद ठेवायची, हे मात्र दर वेळी आठवण करून द्यावं लागतं.

प्रत्येक साडीचे चारच फोटो, ठरलेल्या क्रमाने: पूर्ण साडी, पदराचे पट्टे, किनार जवळून, आणि किनार उलटवून. बुगडी दोन्ही बाजूंनी चालते हे चौथ्या फोटोत दिसतं, लिहायची गरज पडत नाही. रंग शब्दांतही लिहायचा ठरला. "मरून" एवढंच नाही, "मरून, विटकरीकडे झुकणारा". हे वाक्य वहिनींचंच आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर त्या रोज असंच सांगत होत्या.

किमतीखाली तीन ओळी: ताणा-बाणा, ब्लाउज पीस आहे की नाही, कुरिअर. बाकीचं लांबलचक वर्णन खाली सरकवलं.

जाता जाता मुखपृष्ठावरचा फिरता स्लायडर काढून एकच फोटो ठेवला. फोनवरून आलेला मूळ फोटो तसाच चढवलेला होता, पावणेतीन एमबीचा, आणि तो स्लायडरची स्क्रिप्ट आल्याशिवाय उतरायलाच सुरुवात होत नव्हती. आता:

```html
<img src="/mukhya.webp" width="900" height="1125" fetchpriority="high" alt="महेश्वरी साडी">
```

पेजस्पीड इनसाइट्सच्या फोनवरच्या चाचणीत मुख्य फोटो दिसायला 6.8 सेकंद लागत होते, आता 2.9. गूगल 2.5 पर्यंतचं चांगलं धरतं. तिथे प्रत्यक्ष वापरणाऱ्यांचे आकडे दिसत नाहीत, इतक्या कमी गर्दीच्या साइटला ते मिळत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेतल्या आकड्यावर भागवायचं.

1 सप्टेंबर

ऑगस्ट: साडीचं पान 3,700 वेळा उघडलं, पिशवीत 388. शंभरात साडेदहा. जूनमध्ये हेच आठ होतं. राखी आणि गणपतीची खरेदी यात मिसळलेली आहे, त्यामुळे सगळं श्रेय फोटोंना देणार नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपची वही परत भरली, आणि "खरा रंग कसा" विचारणारे 71 वरून 26 वर आले आहेत. ब्लाउज पीसबद्दल चौघांनी विचारलं. वहिनींच्या दुपारी मोकळ्या झाल्या, हा फायदा कुठल्याच अहवालात दिसत नाही.

वेगामुळे काही हललं का ते वेगळं काढता आलं नाही. मुखपृष्ठावरून आतल्या पानांवर जाणाऱ्यांचं प्रमाण जवळपास तेवढंच आहे. त्या कामाला अर्धा दिवस गेला, तेवढ्यावर सोडून देतो.

वर्गवारीचं काम समोर आलं तेव्हा खरी अडचण दिसली. गिऱ्हाइकाला "कॉटन सिल्क, हिरवा, तीन हजारांच्या आत" असं निवडता यायला हवं. फिल्टर बसवणं सोपं आहे, पण धागा, रंग, किनार हे सगळं वर्णनाच्या वाक्यात आहे, वेगळ्या रकान्यात नाही. वर्ग तर "नवीन", "नवीन 2", "सण स्पेशल" असे साठत गेले आहेत. थीम कितीही नवी आणली असती तरी फिल्टर रिकामेच राहिले असते. हे डिझाइनचं काम नाही, कारकुनीचं आहे.

सगळ्या साड्या सीएसव्हीत काढून दिल्या, रकाने आखले: एसकेयू म्हणजे साडीचा क्रमांक, धागा, रंग, किनार, ब्लाउज पीस. वहिनी आणि दुकानातली मुलगी मिळून रोज थोड्या ओळी भरतील. परत चढवताना वूकॉमर्सच्या आयातीत "आहेत त्या वस्तू अद्ययावत करा" ही खूण हवीच. ती राहिली, तर आधीपासून असलेल्या ओळी वगळल्या जातात आणि भरलेलं काहीच साइटवर पोचत नाही. आधी प्रतीवर पाच ओळींनी करून बघितलं.

6 सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. संध्याकाळपासून गिरण्यांच्या झांक्या म्हणजे चित्ररथांची मिरवणूक, बाजाराकडे जायचे रस्ते बंद, दुकान लवकर बंद केलं. साइट गोठवली. दिवाळीपर्यंत फक्त साठा आणि किमती बदलतील.

काकांना नवरात्रासाठी मुखपृष्ठावर तोरण हवं होतं. एक चित्र बदलून दिलं, कोडला हात नाही.

27 ऑक्टोबर

दिवाळी झाली. दिवाळीआधीच्या पंचेचाळीस दिवसांत 236 ऑर्डर, गेल्या वर्षी त्याच काळात 141. काकांनी यंदा इन्स्टाग्रामवर थोडी जाहिरातही केली होती, शिवाय बाजारच बरा होता म्हणे, तेव्हा 95 चा फरक कुणाचा यावर मी बोलत नाही. चेकआउट पुरं करण्याचं प्रमाण जाहिरातीच्या गर्दीतही 43 टक्के राहिलं. जाहिरातीवरून येणारी माणसं साधारण उतावीळ असतात, त्या मानाने हे टिकलं.

एक तक्रार नवी. यूपीआयने पैसे गेले, पण गिऱ्हाईक पेमेंट अ‍ॅपमधून साइटवर परत आलंच नाही, आणि ऑर्डर "प्रलंबित" दिसत राहिली. ऐन धनत्रयोदशीला वहिनी हाताने जुळवत बसल्या होत्या. गेटवेकडून थेट सर्व्हरला येणारी सूचना, म्हणजे वेबहूक, जोडलेली नव्हती, ती जोडली. गिऱ्हाईक परतलं नाही तरी ऑर्डर आपली आपण पुरी होते. खर्च 2,000. मेमध्ये सगळे पैसे बांधून टाकले असते तर हे कुठून आणलं असतं, असं काका आपणहून म्हणाले.

10 नोव्हेंबर

वहिनींची यादी पुरी झाली, 340 ओळी. चढवली. आता वर्गवारी नव्याने: धाग्यावरून तीन वर्ग, बाकी सगळं फिल्टरमध्ये. हा एक भाग मात्र तुकड्यातुकड्याने करता येत नाही. अर्धे वर्ग जुने आणि अर्धे नवे ठेवले तर मेन्यूत एकच साडी दोन ठिकाणी दिसते. म्हणून एका रात्रीत सगळं बदललं, आणि जुना प्रत्येक वर्ग कायमस्वरूपी नव्याकडे वळवला:

```
Redirect 301 /product-category/navin-2/ /product-category/cotton-silk/
Redirect 301 /product-category/san-special/ /product-category/garbh-reshmi/
```

साड्यांच्या पानांचे पत्ते आणि वहिनींचा तो लेख यांना हात लावलेला नाही. पुढचे काही आठवडे सर्च कन्सोलमध्ये "सापडलं नाही" ची यादी बघत राहायचं आणि तिथे जुना पत्ता दिसला की त्याची ओळ वर टाकायची.

या कामाचे 18,000 झाले. उरले 10,500. ते मार्चपर्यंत काही मोडलं तर त्यासाठी. काकांनी लोगोचा विषय काढलाच. वहिनी म्हणाल्या, एप्रिलमध्ये नवं बजेट लागलं की बघू, तोवर फिल्टरमधून कोण काय शोधतंय ते तरी कळेल.